मुलीचे प्लेटलेट्स ८,००० आणि डॉक्टर म्हणतात औषध नको. आयटीपीबद्दल माहिती हवी (कोल्हापूर)

शाहूपुरीचा_बाबा
नमस्कार मंडळी. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे, वजन १६ किलो. तीन आठवड्यांपूर्वी तिला सर्दी-ताप येऊन गेला. परवा आंघोळ घालताना बायकोला तिच्या पोटऱ्यांवर निळे-काळे डाग आणि मांड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. मार लागला असेल म्हणावं तर इतक्या ठिकाणी कसा लागेल? रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.४, पांढऱ्या पेशी ९,२००, पण प्लेटलेट्स फक्त ८,०००. रिपोर्ट हातात आला तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं.

बालरोगतज्ज्ञांनी तिला नीट तपासलं. गाठी नाहीत, यकृत-प्लीहा हाताला लागत नाही, तोंडात-नाकात रक्त नाही. पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड पुन्हा बघून घेतली आणि सांगितलं की हा आयटीपी आहे, म्हणजे शरीरच आपल्या प्लेटलेट्स नष्ट करतंय, घरी जा, औषध काही नको, आठवड्याने परत रक्त तपासू. आई म्हणते, "पोरीच्या अंगात रक्त गोठायचं बळ राहिलं नाही आणि डॉक्टर हात बांधून बसलेत." पुण्याचे नातेवाईक म्हणतात, लगेच अॅडमिट करून महागडं इंजेक्शन द्या. ८,००० वर औषध न देणं बरोबर आहे का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

कागलकर_आबा
बाळा, आमच्या पुतण्याला डेंग्यूत १४,००० झालेले. पपईच्या पानाचा रस सकाळ-संध्याकाळ दिला आणि प्लेटलेटच्या दोन पिशव्या चढवल्या, चार दिवसांत लाखावर गेलं. तुम्ही पण पिशवी चढवायला सांगा की. २०,००० च्या खाली गेलं की चढवायचीच असते.

हेमा_लॅब
मी लॅबमध्ये काम करते. स्लाइड पुन्हा बघितली हे फार चांगलं झालं. कधी कधी नळीतल्या औषधामुळे प्लेटलेट्सचे गठ्ठे होतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही, मग आकडा खोटाच कमी येतो. तुमच्या मुलीला डाग आणि ठिपके आहेत म्हणजे तुमचा आकडा खरा असणार. रिपोर्टवर "जायंट प्लेटलेट्स" किंवा "मोठ्या आकाराच्या प्लेटलेट्स" असं काही लिहिलंय का?

शाहूपुरीचा_बाबा
हो, "काही मोठ्या प्लेटलेट्स दिसल्या, अपक्व पेशी नाहीत" असं लिहिलंय.

पंचगंगाकाठ
मी गडहिंग्लज भागात बरीच वर्षं मुलांचा डॉक्टर म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. मुलीला न बघता सल्ला देत नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी जे केलं त्यामागचा विचार सांगतो, म्हणजे आजींनाही समजावता येईल.

आधी आबांना. डेंग्यू आणि आयटीपी यांत आकडा सारखा दिसला तरी गोष्ट वेगळी आहे. आयटीपीत शरीराच्याच प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रतिद्रव्यं प्लेटलेटला चिकटतात आणि प्लीहेतल्या पेशी अशी चिकटलेली प्लेटलेट गिळून टाकतात. तुम्ही दात्याच्या प्लेटलेट्स चढवल्या तर त्यांनाही तीच प्रतिद्रव्यं चिकटतात आणि काही तासांत त्या संपतात. म्हणून पिशवी फक्त जीवावर बेतणारा रक्तस्राव असेल तेव्हाच, आणि तीही इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे नातेवाईक म्हणतात ते महागडं इंजेक्शन, आणि स्टेरॉइडच्या जोडीनं. आकडा बघून पिशवी द्यायची नाही. पपईच्या रसाने आयटीपी बरा होत नाही. पण चार दिवसांनी आकडा आपोआप वाढला की श्रेय रसाला जातं.

आता मुलीचं. मुलांच्या आयटीपीत आम्ही आकड्यापेक्षा मूल बघतो. फक्त कातडीवर डाग-ठिपके असतील, तोंडाच्या आत किंवा नाकातून रक्त नसेल, तर आकडा ८,००० असो की २५,०००, नुसतं लक्ष ठेवणं हा मान्य मार्ग आहे. २०१९ च्या अमेरिकन हिमॅटॉलॉजी सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. कारण असं की व्हायरल तापानंतर उठलेली ही प्रतिद्रव्यं बहुतेक मुलांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरून जातात. चारातली तीन किंवा त्याहून जास्त मुलं वर्षाच्या आत औषधाशिवाय बरी होतात. औषधाने आकडा लवकर चढतो, पण आजार मुळातून लवकर संपतो असं नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती सगळ्यांना असते आणि ती खरी आहे, पण मुलांत तो हजारी एक ते पाच इतका दुर्मिळ आहे.

दुसरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अपक्व पेशी नाहीत आणि बाकी दोन्ही आकडे ठीक आहेत हे बघितल्याशिवाय कुणी घाईने स्टेरॉइड सुरू केलं, तर क्वचित ल्युकेमिया असलेलं मूल तात्पुरतं बरं दिसतं आणि निदान लांबतं. तुमच्याकडे हे पाऊल आधीच नीट पडलंय.

शाहूपुरीचा_बाबा
डॉक्टर, खूप आभार. घरी नेमकं काय बघत राहायचं?

पंचगंगाकाठ
रोज रात्री टॉर्च लावून गालांच्या आतली बाजू, टाळू आणि हिरड्या बघा. तिथे काळ्या-लाल फुग्यांसारखे फोड दिसले तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे. नाकातून रक्त आलं तर मान खाली, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून पंधरा मिनिटं. तरी थांबलं नाही, लघवी लाल किंवा शी डांबरासारखी काळी झाली, डोकं आपटलं, किंवा डोकं दुखून उलट्या आणि सुस्ती आली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि त्याची जोडगोळी घरात असेल तर दुसऱ्या कपाटात ठेवा, कारण घाईत चुकून तीच हाती लागते. त्याने उरलेल्या थोड्या प्लेटलेट्सही नीट काम करत नाहीत.

इचलची_आई
आमचा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा ६,००० झाले होते. आम्ही ऐकूनच घेतलं नाही, इम्युनोग्लोब्युलिन द्या म्हणून बसलो. इचलकरंजीतून कोल्हापूरला एका खासगी दवाखान्यात नेलं. किलोमागे एक ग्रॅम असा हिशोब होता. तो १४ किलोचा, म्हणजे १४ ग्रॅम. पाच-पाच ग्रॅमच्या तीन बाटल्या उघडल्या, तिसरीतला उरलेला एक ग्रॅम टाकून दिला. रात्रभर सलाइनसारखं हळूहळू चालू होतं. दुसऱ्या दिवशी आकडा ५२,००० आणि तिसऱ्या दिवशी लाखाच्या वर. आम्हाला वाटलं झालं, सुटलो.

पण पहिल्याच रात्री त्याला भयंकर डोकेदुखी आणि चार उलट्या. प्लेटलेट्स कमी आणि डोकं दुखतंय म्हणजे मेंदूत रक्त की काय, म्हणून मध्यरात्री सीटी स्कॅन झाला. सुदैवाने काही नव्हतं, औषधाचाच परिणाम होता. आणि तीन आठवड्यांनी आकडा पुन्हा १८,००० वर आला. दुसऱ्यांदा मात्र दिलं नाही, चौथ्या महिन्यात आपोआप नॉर्मल झाला. इंजेक्शन वाईट असं मी म्हणत नाही, त्या आठवड्यात झोप लागली हे खरं आहे. पण ते कायमचं बरं करणारं नाही हे आम्हाला आधी कळायला हवं होतं.

पंचगंगाकाठ
ताई, तुम्ही जे लिहिलंत तेच त्या औषधाचं खरं स्वरूप आहे. बाहेरून भरपूर प्रतिद्रव्यं दिली की प्लीहेतल्या गिळणाऱ्या पेशींची तोंडं त्यांनीच भरून जातात आणि प्लेटलेट्स वाचतात. म्हणून एक ते तीन दिवसांत आकडा चढतो आणि दोन-चार आठवड्यांत ती प्रतिद्रव्यं संपली की उतरतो. लवकर चढणं हाच त्याचा उपयोग. रक्त वाहतंय, ऑपरेशन करायचंय, डोक्याला मार बसलाय, तिथे ते अमोल आहे.

डोकेदुखी बऱ्याच मुलांना होते. बाटली सावकाश चालवली, पाणी भरपूर पाजलं आणि आधी पॅरासिटामॉल दिलं तर कमी होते. आणखी एक जे पालकांना बहुधा सांगायचं राहून जातं: ते दिल्यावर गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची जिवंत लस आठ ते अकरा महिने पुढे ढकलावी लागते, नाहीतर बाहेरची प्रतिद्रव्यं लसच निकामी करतात. लसीच्या कार्डावर इंजेक्शनची तारीख लिहून घ्या.

एक प्रामाणिक गोष्टही सांगतो. हॉलंडमध्ये २०० मुलांवर एक चाचणी झाली, २०१८ साली छापून आली. अर्ध्या मुलांना इम्युनोग्लोब्युलिन दिलं, अर्ध्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. सहा महिन्यांनी आजार रेंगाळणाऱ्यांची संख्या औषध घेतलेल्यांत थोडी कमी होती, पण फरक ठामपणे सांगण्याएवढा नव्हता. मात्र जास्त तीव्रतेचा रक्तस्राव औषध घेतलेल्यांत १ टक्का आणि न घेतलेल्यांत ९ टक्के दिसला. म्हणून माझे काही मित्र अजूनही म्हणतात की द्यावं. मी स्वतः फक्त ठिपके असलेल्या मुलाला देत नाही. पण तालुक्यापासून दोन तास दूर राहणारं कुटुंब असेल, रात्री गाडी मिळायची शाश्वती नसेल, तर मीही वेगळा विचार करतो.

सुनंदा_राजारामपुरी
डॉक्टर, मला हे वाचून राग आला म्हणून लिहिते. माझी बहीण ४४ वर्षांची, वजन ६० किलो. गेल्या वर्षी तिचे ११,००० झाले आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी स्टेरॉइडच्या ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू केल्या. तिच्यावर का नाही लक्ष ठेवलं? पाच महिने गोळ्या चालल्या. साखर २८० झाली, तोंड सुजलं, रात्र-रात्र झोप नाही. गोळी कमी केली की आकडा खाली. आता प्लेटलेट्स वाढवायची एल्ट्रोम्बोपॅग नावाची गोळी चालू आहे, आधी २५, मग ५०, आता ७५ मिलिग्रॅम, तरी दहा आठवड्यांत २२,००० च्या वर जात नाही. म्हणजे तिला चुकीचं औषध दिलं का?

शाहूपुरीचा_बाबा
ताई, माझा प्रश्न लहान मुलीचा होता, पण तुमचं लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. डॉक्टरांनी उत्तर द्यावं, मलाही समजून घ्यायचंय.

पंचगंगाकाठ
मोठ्यांचा आजार माझ्या रोजच्या कामातला नाही, पण हिमॅटॉलॉजीच्या मित्रांबरोबर अनेक रुग्ण बघितले, त्यावरून लिहितो.

मोठ्या माणसांत हा आजार सहसा तापाच्या शेपटीसारखा येऊन जात नाही. तो हळूच येतो आणि बऱ्याच जणांत वर्षानुवर्षं राहतो, म्हणून आपोआप बरा होण्याची वाट बघणं तिथे तितकं फायद्याचं नसतं. वय वाढतं तसा मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही वाढतो, रक्तदाब असतो, हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असतं, बायकांना मासिक पाळी असते. म्हणून मोठ्यांत रक्तस्राव नसला तरी आकडा ३०,००० च्या खाली असेल तर साधारणपणे उपचार सुरू करतात. बहिणीला ११,००० वर औषध दिलं हे योग्यच होतं.

खटकतंय ते पाच महिने. स्टेरॉइड ही सुरुवात करून द्यायची गोष्ट आहे. प्रेडनिसोलोन दिलं तर आकडा चढल्यावर कमी करत करत सहा आठवड्यांत संपवायचा प्रयत्न असतो. काही जण त्याऐवजी डेक्सामेथासोन ४० मिलिग्रॅम रोज असे चारच दिवस देतात. सहा आठवड्यांनंतर स्टेरॉइड सोडता येत नसेल तर पुढच्या औषधाचा विचार करायची ती वेळ असते, डोस धरून बसायची नव्हे. साखर, हाडं, डोळे, झोप या सगळ्याची किंमत महिन्यागणिक वाढत जाते.

एल्ट्रोम्बोपॅगबद्दल मला काही विचारायचंय. गोळी किती वाजता घेतात आणि कशाबरोबर?

औषधवाला_ताराराणी
माझं मेडिकल आहे, ताराराणी चौकाजवळ. असे पेशंट आमच्याकडे येतात. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, म्हणून मी नाश्त्याबरोबर किंवा ग्लासभर दुधाबरोबर घ्यायला सांगतो. २५ ची गोळी, ५० ची गोळी, दोन्ही आता भारतीय कंपन्यांच्या मिळतात. आणि बाबा, तुमच्या मुलीलाही डॉक्टरांना विचारून हीच गोळी द्या की, स्टेरॉइडपेक्षा ही नवीन आणि सुरक्षित.

सुनंदा_राजारामपुरी
सकाळी नऊ वाजता नाश्त्यानंतर दुधाबरोबर घेते, दुकानातून तसंच सांगितलेलं. स्टेरॉइड चालू असताना हाडांसाठी कॅल्शियमची गोळी दिली होती, ती सकाळीच सोबत घेते. संध्याकाळी भाऊजी गंगावेशीतून धारोष्ण दूध आणतात, अशक्तपणा आहे म्हणून. आम्लपित्ताचं पांढरं पातळ औषध पण असतं अधूनमधून.

पंचगंगाकाठ
ताई, मला वाटतं तुमच्या बहिणीच्या आकड्याचं कोडं याच वाक्यात आहे.

एल्ट्रोम्बोपॅगचा रेणू कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम यांना घट्ट पकडतो. पोटात दूध, दही, पनीर, कॅल्शियमची गोळी किंवा ते पांढरं औषध असेल तर गोळी तिथेच बांधली जाते आणि रक्तात निम्म्याहूनही कमी पोचते. म्हणजे ७५ लिहिलंय तरी अंगी पडतात २५-३०. आपल्याकडे नाचणीची भाकरी किंवा आंबीलही याच यादीत येतं, कारण नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं.

नियम सोपा आहे. गोळी पाण्याबरोबर, आणि कॅल्शियमवाल्या खाण्याच्या दोन तास आधी किंवा चार तासांनंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि पांढरं औषध यांनाही हेच अंतर.

औषधवाले दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. स्टेरॉइड जेवणानंतर घ्यावं हे खरं, आणि अॅव्हाट्रोम्बोपॅग नावाची याच कुळातली दुसरी गोळी तर जेवणाबरोबरच घ्यायची असते. पण एल्ट्रोम्बोपॅगला तो सल्ला लावला तर औषध वाया जातं. मळमळ होत असेल तर दूध-दही नसलेलं थोडं खाणं चालतं.

आणि बाबांच्या मुलीला ही गोळी? नको, निदान आत्ता नको. ही औषधं मुलांमध्ये वापरतात, एक वर्षाच्या वरच्या मुलांसाठी मान्यताही आहे, पण आजार तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळला, रक्तस्राव होत राहिला आणि पहिल्या औषधांनी भागलं नाही तेव्हा. ही गोळी अस्थिमज्जेला जास्त प्लेटलेट्स बनवायला लावते आणि तिला एक ते दोन आठवडे लागतात. आपोआप बरं होण्याच्या वाटेवर असलेल्या मुलीला त्याची गरज नाही. शिवाय वाढत्या वयात ती लोहही पकडते, त्यामुळे लोहाची कमतरता तपासत राहावी लागते.

औषधवाला_ताराराणी
समजलं डॉक्टर. आजपासून या गोळीच्या पाकिटावर "पाण्याबरोबर, दूध नको" असं मी स्वतः पेनाने लिहून देईन. माझ्या दोन पेशंटना आजच फोन करतो.

सुनंदा_राजारामपुरी
ती पहाटे पाचला उठून रंकाळ्यावर फिरायला जाते. रात्रीचं दूध नऊला संपतं. पाचला उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी, साडेसातला चहा, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, असं चालेल?

पंचगंगाकाठ
फार छान बसतंय. रात्री नऊ ते पहाटे पाच आठ तास होतात. पण तिच्या हिमॅटॉलॉजिस्टना आजच सांगा. कारण आतापर्यंत ७५ नावाचीच होती. उद्यापासून ती खरीखुरी ७५ होणार. आकडा उसळी मारू शकतो, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासा. या औषधात ध्येय नॉर्मल आकडा नसतं, ५०,००० च्या आसपास किंवा थोडं वर टिकवणं एवढंच असतं. २ लाखांच्या पुढे गेला की डोस कमी करतात, ४ लाखांच्या पुढे गेला की थांबवतात, कारण मग रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका. घरात कुणाला पायाच्या शिरेत गुठळी झाली होती का तेही सांगा. आणि यकृताच्या तपासण्या महिन्याच्या महिन्याला.

कागलकर_आबा
बरं झालं दुधाचं कळलं. आमच्यात तर औषध कुठलं बी असू दे, दुधाबरोबरच घेत्यात. डॉक्टर, ती प्लीहा काढून टाकली तर कायमचं संपतं म्हणतात, खरं काय वं? आमच्या शेजारच्या बाईनं काढली, बारा वर्षं झाली, एकदम ठणठणीत हाय.

पंचगंगाकाठ
खरं आहे आबा, मोठ्यांत बऱ्याच जणांना त्याने कायमचा गुण येतो, आणि रोजची महागडी गोळीही सुटते. म्हणून हा पर्याय मी टाकाऊ म्हणणार नाही. पण पहिलं वर्ष तरी थांबतात, कारण त्या काळात काही जण आपोआप सावरतात. आणि प्लीहा गेली की काही जंतूंशी लढायची ताकद आयुष्यभर कमी होते. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या लसी ऑपरेशनच्या आधी घ्याव्या लागतात, आणि पुढे साधा ताप आला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. लहान मुलांत आम्ही शक्यतो काढतच नाही. सुनंदाताईंच्या बहिणीसाठी गोळी की ऑपरेशन, यावर तिचे डॉक्टर आणि ती बसून बोलतील. मला इथून ते ठरवता येणार नाही.

शाहूपुरीचा_बाबा
अपडेट देतो. निदानाच्या दहाव्या दिवशी रात्री टॉर्च लावली तर उजव्या गालाच्या आत दोन काळे फोड. पहाटे नाकातून रक्त आलं, चिमटीत धरून वीस मिनिटांनी थांबलं. उशी भिजली होती. थेट दवाखान्यात गेलो. आकडा ६,०००. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता फक्त ठिपक्यांचं प्रकरण राहिलं नाही, औषध द्यायचं. दोन पर्याय होते, इम्युनोग्लोब्युलिनची एक रात्र किंवा स्टेरॉइडचे थोडे दिवस. रक्त थांबलेलं होतं, पोरगी खेळत होती, म्हणून त्यांनी स्टेरॉइड सुचवलं: प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम सकाळी, ३० संध्याकाळी, पाच दिवस, आणि मग थेट बंद. एवढा मोठा डोस ऐकून मी घाबरलो. डॉक्टर, मोठ्या माणसालाही ६० आणि १६ किलोच्या पोरीलाही ६०?

पंचगंगाकाठ
किलोमागे जवळजवळ ४ मिलिग्रॅम होतात, मोठ्यांच्या मानाने चौपट. पण पाचच दिवस. मुलांत स्टेरॉइडचं तत्त्वच हे आहे, जोरात आणि थोडक्यात, आणि सातव्या दिवसापलीकडे न्यायचं नाही. पाच दिवसांत शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बंद पडत नाही, म्हणून हळूहळू कमी करायचीही गरज नसते. नाश्त्यानंतर द्या. चिडचिड, प्रचंड भूक आणि झोपेचं खोबरं होईल, ते गोळी थांबल्यावर आठवडाभरात जातं. तिच्या स्लाइडवर आधीच खात्री करून घेतली होती, म्हणून आज हे निर्धास्त देता येतंय.

शाहूपुरीचा_बाबा
पाचव्या दिवशी ४७,०००. तोंडातले फोड गेले. भुकेचं म्हणाल तर रात्री दोनला उठून थालीपीठ मागत होती. आज तीन आठवडे झाले, आकडा पुन्हा ३१,००० वर आलाय, पण नवीन डाग नाहीत, तोंड स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले पुन्हा औषध नको. या वेळी आईही काही बोलली नाही, रात्रीची टॉर्च आता तीच धरते.

इचलची_आई
बालवाडीत पाठवताय का? आमचं त्यावरूनच घरात भांडण होतं. मी सहा आठवडे ठेवला होता घरी.

शाहूपुरीचा_बाबा
पाठवतोय, घसरगुंडी आणि झोपाळा सोडून. बाईंना चिठ्ठी दिलीय, डोकं आपटलं तर लगेच फोन करा म्हणून.

पंचगंगाकाठ
यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. ३०,००० वर आणि रक्तस्राव नसताना मी शाळा बंद करत नाही, पण डोक्याला धक्का बसेल असे खेळ आणि सायकल थांबवतो. घरी कोंडलेलं मूल पलंगावरून उड्या मारतंच.

सुनंदा_राजारामपुरी
बहिणीचं सांगते. पहाटेची वेळ बदलून पहिल्या आठवड्यात ३८,०००, दुसऱ्यात ९६,००० आणि तिसऱ्यात २ लाख ७०,०००. तिच्या डॉक्टरांनी लगेच ७५ ची ५० केली. आता १ लाख १०,००० वर आहे, पुढच्या महिन्यात आणखी कमी करायचं बघू म्हणाले. स्टेरॉइड बंद झालंय, साखर १४० वर आलीय. तिला एक विचारायचंय: आता बरं वाटतंय तर गोळी बंदच केली तर? औषधाचा खर्च दरमहा आहे, आणि जनआरोग्य योजनेत बसतं का ते अजून विचारतोय.

पंचगंगाकाठ
एकदम बंद नको, ताई. गोळी थांबताच अस्थिमज्जेला मिळणारा धक्का थांबतो, पण प्लेटलेट्स गिळणं चालूच असतं, त्यामुळे काही जणांत आकडा आधीपेक्षाही खाली जातो. दोन-चार आठवडे तो काळ धोक्याचा असतो. कमी करत करत जायचं आणि दर आठवड्याला रक्त बघायचं. काही रुग्णांची गोळी काही महिन्यांनी पूर्ण सुटते आणि आकडा टिकतो. कोणाची सुटेल हे आधी सांगता येत नाही. गोळी महिनोन्महिने लागणार असेल आणि खाण्याच्या वेळा जमत नसतील तर आठवड्याला एकदा कातडीखाली घ्यायचं रोमिप्लोस्टिम हे इंजेक्शन आहे. त्याला दुधाशी काही देणंघेणं नाही, पण दर आठवड्याला दवाखाना करावा लागतो.

औषधवाला_ताराराणी
माझ्या त्या दोन पेशंटपैकी एक काकू संध्याकाळी ताकाबरोबर घेत होत्या. आता वेळ बदललीय. दुसरे काका म्हणतात त्यांना लोहाची गोळी चालू आहे, ती रात्री हलवली. आकडे अजून आलेले नाहीत.

हेमा_लॅब
दर आठवड्याला रक्त देणाऱ्यांसाठी एक विनंती. शक्यतो एकाच लॅबमध्ये आणि त्याच मशीनवर द्या. १५,००० आणि १९,००० मधला फरक पुष्कळदा मशीनचाच असतो, त्यावरून डोस वाढला-घटला असं समजू नका. आणि आकडा अचानक पडला पण अंगावर काहीच दिसत नसेल तर स्लाइड बघायला सांगा.

शाहूपुरीचा_बाबा
डॉक्टर, एक शेवटचं. तिचा पाच वर्षांचा डोस पुढच्या महिन्यात आहे, त्यात गोवर-गालगुंड-रुबेलाही आहे. आम्ही इम्युनोग्लोब्युलिन दिलं नाही, फक्त पाच दिवस स्टेरॉइड. द्यायचा का?

पंचगंगाकाठ
मोठ्या डोसचं स्टेरॉइड दोन आठवड्यांपेक्षा कमी दिलेलं असेल तर ते थांबल्यावर जिवंत लस देता येते, बरेच जण दोन आठवडे थांबून देतात. तुमचा तो काळ उलटलाय. या लसीनंतर फार क्वचित प्लेटलेट्स उतरतात, पण गोवर झाला तर त्याहून जास्त उतरतात. लस द्यावी असं माझं मत आहे. तारीख मात्र तुमच्या डॉक्टरांनी आकडा बघून ठरवावी. सुई टोचल्यावर त्या जागी पाच मिनिटं दाबून धरा, चोळू नका.

शाहूपुरीचा_बाबा
सोमवारी रक्त तपासायचंय, रिपोर्ट घेऊन मगच लसीचं विचारतो. आकडा इथे टाकेन.